घड्याळ ओरडतं ‘झोन ५’ आणि तुम्ही गप्पा मारत पळताय: ‘२२० वजा वय’ कुठे चुकतं आणि ते कसं दुरुस्त करायचं

आमच्या साताऱ्यातल्या पळणाऱ्यांच्या गटात दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवं घड्याळ घेतं आणि पुढच्या रविवारी तीच तक्रार घेऊन येतं. “मी अगदी हळू पळतोय, शेजारच्याशी बोलतोय, आणि हे सारखं सांगतंय की फार जोर लावताय, वेग कमी करा.” क्वचित उलटी तक्रारही येते: “माझा जीव चाललाय आणि हे म्हणतंय, हलका व्यायाम चालू आहे.” दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. घड्याळाने तुमची जन्मतारीख घेतली, २२० मधून वय वजा केलं, आणि आलेल्या आकड्याला तुमच्या हृदयाचा कमाल वेग, म्हणजे मिनिटाला पडू शकणारे जास्तीत जास्त ठोके, ठरवून टाकलं.

सगळा गोंधळ ज्यांच्यामुळे मला नीट समजला, त्या ताईंचंच उदाहरण घेतो. वय ५४, शाळेत गणित शिकवतात, चार वर्षं नियमित पळतात. घड्याळातला कमाल आकडा होता १६६. सकाळच्या सावकाश पळण्यात त्यांचे ठोके १३८ च्या आसपास असायचे. १३८ म्हणजे १६६ च्या ८३ टक्के, म्हणून घड्याळ त्यांना जोराच्या पाच टप्प्यांपैकी चौथ्या झोनमध्ये टाकायचं. सपाट रस्त्यावरही वेग थोडा वाढला की पाचवा झोन. आज्ञाधारकपणे त्यांनी वेग इतका कमी केला की दोन महिने पळणं जवळजवळ बंदच झालं, नुसतं चालणं उरलं. शेवटी वैतागून म्हणाल्या, “माझं हृदय बिघडलंय की हे यंत्र?”

दोन्ही ठीक होतं. चूक होती ती मधल्या वजाबाकीत.

आधी बघा, वाचलेला आकडा तरी खरा आहे का

सूत्राला दोष देण्याआधी ही पायरी करायचीच. मनगटावरचं घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश टाकून रक्ताची धडधड मोजतं. पट्टा सैल असेल, हात थंड पडला असेल, तर ते चकतं. पळताना त्याची एक खास खोड दिसते: नाडीऐवजी ते पावलांचा ताल पकडतं. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर ठोकेही १७० दाखवतं. ओळखायला सोपं आहे. घरी येऊन दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पाहा. ठोक्यांची रेघ पावलांच्या रेघेला चिकटून चालली असेल, किंवा पळायला सुरुवात करताच एका मिनिटात ११० वरून थेट १७० वर उडी मारून तिथेच सपाट झाली असेल, तर ती पावलं आहेत. हृदय असं उडी मारत नाही, ते चढत जातं.

साधी पडताळणी अशी: थांबा, लगेच मनगटावर बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात, त्यामुळे चार-सहाचा फरक चालेल. तीसचा फरक पडला तर घड्याळ चुकतंय. पुढच्या चाचणीसाठी मात्र छातीचा पट्टा लागेल. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्यामुळे पावलांच्या तालाने फसत नाही. आतली बाजू पाण्याने ओली करून बांधायची, कोरडा पट्टा पहिली पाच-दहा मिनिटं काहीही दाखवतो.

ताईंनी कोणाचा तरी पट्टा बांधून पाहिला. १३८ खरेच होते.

मग १६६ आला कुठून?

१९७० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल हे हृदयरुग्णांनी किती जोराने व्यायाम करावा याचा विचार करत होते. त्यांनी आधी छापून आलेल्या साधारण दहा अभ्यासांतली माहिती गोळा करून आलेखावर ठिपके मांडले. त्यातून एक रेघ काढली आणि ती २२० वजा वय या सोप्या हिशेबाच्या जवळ जात होती. सूत्र इतकं सोपं की तोंडपाठ झालं, व्यायामशाळेच्या भिंतींवर चिकटलं, पुढे यंत्रांत शिरलं. २००२ मध्ये रॉबर्ग्ज आणि लँडवेर या दोघांनी त्याचा माग काढला, तेव्हा या सूत्रामागे स्वतंत्र असं मूळ संशोधनच सापडलं नाही. डोळ्यांच्या अंदाजाने काढलेली ती एक रेघ होती, बस्स.

नंतर चांगली सूत्रं आली. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या १८ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०८ वजा ०.७ गुणिले वय असं सूत्र दिलं. २२० चं सूत्र आणि हे, चाळिशीला दोन्ही १८० वर भेटतात. त्यानंतर जुनं सूत्र वयस्कांना कमी आकडा देत जातं. साठीला १६० विरुद्ध १६६, सत्तरीला १५० विरुद्ध १५९. विशीत उलटं, जुनं सूत्र सहा ठोके जास्त दाखवतं. २०१० मध्ये गुलाटी यांच्या गटाने फक्त स्त्रियांच्या चाचण्यांवरून २०६ वजा ०.८८ गुणिले वय असं सूत्र मांडलं.

ताईंनी अर्थातच तिन्ही वजाबाक्या करून पाहिल्या. १६६, १७०, १५८. मला म्हणाल्या, “एका प्रश्नाला तीन उत्तरं? आणि तिन्हींत मी बसत नाही.” मुद्दा तिथेच आहे. नवीन सूत्र सरासरी जास्त बरोबर सांगतं, पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. एकाच वयाच्या निरोगी माणसांचे खरे कमाल ठोके त्या सरासरीभोवती पसरलेले असतात, आणि त्या पसाऱ्याचं प्रमाण विचलन दहा ठोक्यांच्या आसपास आहे. साध्या भाषेत, ५४ वर्षांच्या माणसांची सरासरी १७० धरली तर तिघांतले दोघे १६० ते १८० मध्ये सापडतील, तिसरा त्याच्या बाहेर असेल. वीसांतला एखादा १५० च्या खाली किंवा १९० च्या वर. आमच्या चाळीस जणांच्या गटात याचा अर्थ असा की बारा-तेरा जणांच्या घड्याळातला आकडा दहापेक्षा जास्त ठोक्यांनी चुकलेला असणार, सूत्र कितीही चांगलं वापरलं तरी. उंचीवरून चपलेचा नंबर ठरवण्यासारखंच हे. दुकानात शंभर जोड मागवायला उपयोगी, तुमच्या पायात घालायला नाही.

हा फरक येतो कुठून? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो ठोक्यांचा ताल धरतो. त्याचा स्वतःचा मूळ वेग वयाबरोबर मंदावतो, आणि जोर लावताना शरीरातून येणाऱ्या ॲड्रेनलिनला तो पूर्वीइतका दाद देत नाही. हे सगळ्यांचं होतं, पण सुरुवातीची पातळी प्रत्येकाची वेगळी असते आणि ती मोठ्या प्रमाणात जन्मजात असते. सरावाने कमाल वेग वाढत नाही, उलट चांगला सराव झालेल्यांचा किंचित कमीच होतो. सरावाने वाढतं ते एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. म्हणून १८४ वाला १६४ वाल्यापेक्षा तंदुरुस्त, असा अर्थ काढणाऱ्यांनी कृपा करून गटात तो वाद पुन्हा सुरू करू नये.

टीएमटीच्या कागदावरचा आकडा: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

“सर, माझी टीएमटी झालीय, त्यात मॅक्स १४३ आलाय.” ताई हेच म्हणाल्या होत्या, आणि मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फसलोही होतो.

ट्रेडमिलवरची ती चाचणी बहुधा ब्रूस पद्धतीने होते. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, असं पुढे. पण ही चाचणी तुमचा कमाल वेग शोधायला नसते. जोर आल्यावर ईसीजी बदलतो का, रक्तदाब कसा वागतो, हे पाहायला असते. बऱ्याच ठिकाणी वयावरून काढलेल्या कमाल आकड्याच्या ८५ टक्के गाठले की यंत्र थांबवतात. ताईंच्या बाबतीत १६६ चे ८५ टक्के म्हणजे १४१. त्या १४३ वर पोहोचल्या, पट्टा थांबला, कागदावर लिहिलं गेलं: गाठलेला कमाल वेग १४३, अपेक्षित वेगाच्या ८६ टक्के. धाप नीट लागलीही नव्हती. तो आकडा त्यांच्या हृदयाची मर्यादा सांगत नव्हता, पट्टा कधी थांबवला ते सांगत होता.

कागद वाचताना चाचणी थांबवण्याचं कारण काय लिहिलंय ते आधी शोधा. ‘लक्ष्य गाठले’ असेल तर तो आकडा कमाल म्हणून वापरू नका. ‘थकवा’ असेल आणि खरंच पाय उचलेनासे झाले असतील, तर तो जवळपास धरायला हरकत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ज्याचा कमाल वेग जन्मतःच कमी आहे, त्याला ८५ टक्क्यांचं लक्ष्य गाठताना घाम फुटतो आणि अहवालावर ‘चाचणी अपुरी’ असा शेरा येऊ शकतो. ठोके न वाढण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून त्याचा अर्थ घरी बसून लावायचा नाही, डॉक्टरांनाच विचारायचं.

एक आकडा सूत्र खोटं ठरवू शकतो

चाचणी करायच्या आधी जुन्या नोंदी उघडा. एखाद्या शर्यतीचा शेवट, घाटातली चढण, कोणाच्या तरी मागे लागून केलेला वेडेपणा. छातीच्या पट्ट्याने मोजलेला, हळूहळू चढत गेलेला आणि दहा-पंधरा सेकंद टिकलेला आकडा घड्याळातल्या कमाल आकड्यापेक्षा वर दिसला, तर विषय संपला. तुमचा कमाल वेग किमान तेवढा आहे. उलट मात्र सिद्ध होत नाही. वर्षभरात १५५ च्या पुढे गेला नाहीत, याचा अर्थ १५५ ही मर्यादा असा नाही, कदाचित तुम्ही तेवढा जोरच लावला नसेल.

ताईंकडे पट्ट्याच्या जुन्या नोंदी नव्हत्या, म्हणून चढावर जायचं ठरलं. त्याआधी त्या आपल्या डॉक्टरांना भेटल्या, टीएमटीचा कागद दाखवला आणि पूर्ण जोर लावून पळायचं आहे हे सांगितलं. छातीत दुखणं, चक्कर, धडधड, घरात कमी वयात हृदयविकार, मधुमेह, बीपीची औषधं, यातलं काहीही असेल तर ही पायरी गाळायची नाही. वर्षानुवर्षं बसून असलेल्या माणसाने तर ही चाचणी करूच नये, त्याला तिची गरजही नसते.

जागा यवतेश्वरचा घाट, सकाळी सहा. आदल्या दिवशी विश्रांती. ताप येऊन गेल्यावर किंवा झोप अर्धवट झाली असताना ठोके पूर्ण वर जात नाहीत, म्हणून तसा दिवस टाळला. सोबत आम्ही दोघे होतो, एकट्याने करू नये.

आधी वीस मिनिटं हलकं पळणं, शेवटी तीन-चार छोट्या धावा. मग तीन मिनिटांची पहिली चढाई, जोरात पण हातचं राखून. चालत खाली, दोन-तीन मिनिटं. दुसरी चढाई तशीच, थोडी अधिक नेटाने. तिसरी चढाई दोन मिनिटं जोरात आणि शेवटचं एक मिनिट काहीही शिल्लक न ठेवता. तिन्ही चढायांत सर्वोच्च आकडे आले १७६, १८१ आणि १८४. आलेख पाहिला, कुठेही टोकदार सुळका नव्हता, रेघ चढत जाऊन वर किंचित सपाट झाली होती. आठ-दहा दिवसांनी पुन्हा केलं, तेव्हा १८३. दोन वेगळ्या दिवशी जवळजवळ एकच आकडा आला म्हणजे आपण छताला टेकलो असं धरता येतं. पहिल्याच प्रयत्नात बहुतेकांना दोन-चार ठोके कमी मिळतात, कारण इतका जोर लावायची सवयच नसते.

सूत्राने दिलेला आकडा आणि खरा आकडा, फरक १८ ठोक्यांचा. चार वर्षं रोज पळणाऱ्या माणसाला चालायला लावणारा फरक.

नवा आकडा घातला, तरी झोन पटेना

आम्ही १८४ घातला आणि घड्याळाला कमाल वेग आपोआप बदलू देण्याची सोय बंद केली. ती सोय चालू राहिली तर पावलांच्या तालाचा एखादा सुळका नवा कमाल आकडा म्हणून बसतो आणि सगळं पुन्हा बिघडतं. आता १३८ म्हणजे १८४ च्या ७५ टक्के. घड्याळ म्हणालं तिसरा झोन. ताई म्हणाल्या, अजूनही पटत नाही, मी आरामात पळतेय.

त्यांचं बरोबर होतं. नुसत्या कमाल आकड्याचे टक्के काढताना आपण असं धरतो की हृदय शून्यापासून सुरू होतं. ते सुरू होतं विश्रांतीच्या ठोक्यांपासून. ताईंचे सकाळी उठल्या उठल्या ५८. म्हणजे वापरायला हाताशी असलेली जागा १८४ वजा ५८, १२६ ठोक्यांची. फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेला हिशेब हाच आहे:

```
लक्ष्य = (कमाल − विश्रांती) × टक्के + विश्रांती
६० टक्के: १२६ × ०.६० + ५८ = १३४
७० टक्के: १२६ × ०.७० + ५८ = १४६
```

१३८ या दोहोंच्या मध्ये नेमका बसतो, म्हणजे आरामाच्या दुसऱ्या झोनमध्ये. बहुतेक घड्याळांत झोन ठरवण्याची पद्धत ‘कमाल वेगाचे टक्के’ अशी आधीच लावलेली असते. ती बदलून ‘हार्ट रेट रिझर्व्ह’, म्हणजे हीच राखीव ठोक्यांची पद्धत, निवडायची आणि विश्रांतीचा आकडा स्वतः मोजून घालायचा. एकच बाब सांभाळा: पुस्तकातल्या वेळापत्रकात ७० टक्के लिहिलंय ते कशाचे, कमाल वेगाचे की राखीव ठोक्यांचे, हे बघून घ्या. दोन्हींत वीसेक ठोक्यांचा फरक पडू शकतो.

शेवटची पडताळणी श्वासाची. ताईंनी त्यासाठी स्वतःची पद्धत काढली: पळता पळता तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. १३८ ला पाढा सलग होतो. १५० च्या आसपास ‘तेरा सत्ते’पाशी श्वास घ्यावा लागतो. १६५ ला दोन ओळींत दम तुटतो. झोनचे आकडे या पाढ्याशी जुळले तर ठीक. जुळले नाहीत तर पाढा खरा धरायचा, आकडे पुन्हा तपासायचे.

एप्रिलच्या उन्हात मात्र हेच १३८ तासाभराच्या शेवटी त्याच वेगाला १५० च्या वर जातात. तेव्हा सेटिंगमध्ये हात घालू नका. घामाने पाणी कमी होतं, त्वचेकडे रक्त वळवावं लागतं, म्हणून ठोके वाढतात. कमाल वेग तोच असतो. सायकल चालवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की सायकलवरचा कमाल आकडा पळण्यातल्यापेक्षा सहसा पाच-दहा ठोक्यांनी कमी येतो, तो वेगळा मोजून वेगळा घालावा.

उलटी तक्रार: ‘जीव चाललाय, घड्याळ म्हणतंय हलकं’

गटातले एक काका, वय ६१. सूत्राने १५९. चढावर ठोके ११२, घड्याळ म्हणायचं ७० टक्के, वेग वाढवा. काका घामाघूम, बोलता येत नाही. दोन आठवडे त्यांनी घड्याळाचं ऐकलं, हे मला आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

विचारलं तेव्हा कळलं, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं ॲड्रेनलिनचा हृदयावरचा हात धरून ठेवतात. विश्रांतीचे ठोके कमी होतात आणि कमाल वेगही खाली येतो. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या गोळ्याही ठोके मंदावतात. काकांच्या टीएमटीत गोळी चालू असताना थकव्यामुळे चाचणी थांबली होती, तेव्हा ठोके होते १२८. ११२ म्हणजे त्याच्या ८७.५ टक्के. घड्याळ ज्याला हलकं म्हणत होतं, तो त्यांच्यासाठी जवळजवळ शेवटचा जोर होता.

इथे चढावरची चाचणी करायची नाही, आणि आकडे वर यावेत म्हणून गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बीटा ब्लॉकर अचानक बंद केल्यास हृदयावर उलटा ताण येऊ शकतो. काकांच्या डॉक्टरांनी व्यायामासाठी वरची मर्यादा १०५ दिली. काकांनी झोनच्या सूचना बंद करून १०५ ला घड्याळ थरथरेल एवढीच सोय ठेवली. गोळीची मात्रा बदलली की तो आकडा पुन्हा विचारून घ्यायचा.

काका आता ताईंच्या मागे पाढे म्हणत चालतात. तेराचा त्यांना येत नाही, ते बाराचा म्हणतात.